पाकिटासमोर एक पोळी

८ जुलै २०२५, मंगळवार
आंबापोळीच्या पाकिटाचा पहिला फोटो बदलायचा, असं पुतण्याचं मे महिन्यापासून चाललंय. वेबसाइटवर गिऱ्हाइकाला आधी दिसतो तोच हा फोटो: नुसतं बंद पाकीट, पाठीमागे पांढरं. त्याचं म्हणणं, मोबाइलवर हा फोटो दोन बोटांएवढा दिसतो, पाकिटावरची अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत आणि आत काय आहे ते कळत नाही. ते खरं आहे. पण त्याने पाठवलेल्या नव्या नमुन्यात पाकीट तिरकं, मागे केळीचं पान, बाजूला दोन हापूस, पुढे पोळी आणि कोपऱ्यात ‘घरगुती’ अशी पट्टी. विक्री वाढली तर श्रेय कुणाला द्यायचं, पोळीला की पानाला? घटली तर काढायचं काय? मी म्हटलं, एकच गोष्ट बदल. पाकिटासमोर एक पोळी ठेव. बाकी सगळं आहे तसंच.

१२ जुलै, शनिवार
एकच गोष्ट बदलायला आख्खी दुपार गेली. जुना फोटो एप्रिलमधल्या अंगणातल्या उन्हात काढलेला. आज बाहेर कोसळतोय. त्या उजेडातल्या पाकिटाशी आजच्या उजेडातली पोळी ताडून पाहण्यात अर्थ नाही, म्हणून दोन्ही फोटो नव्याने काढायचे ठरलं. पहिल्या प्रयत्नात ढग सरकला आणि पाकिटाचा पिवळा दुसऱ्या फोटोत हिरवट उतरला. शेवटी खिडकी लावून घेतली, दोन ट्यूबलाइट लावल्या, मोबाइलचा व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून पक्का केला आणि पाकिटाच्या पायाशी टेबलावर चिकटपट्टीच्या खुणा केल्या.

मग खरी अडचण आली. पोळी समोर ठेवली की ती चौकटीत मावावी म्हणून पुतण्या कॅमेरा मागे घ्यायचा. म्हणजे पाकीट लहान. लहान पाकीट हाही बदलच. वहिनींनी मार्ग काढला. पोळीची चौपदरी घडी घालून ती पाकिटाच्या उजव्या पायाशी अशी टेकवली की वजनाचा आकडा झाकला जाणार नाही आणि चौकट तसूभर हलणार नाही. आधी पोळीसकट फोटो घेतला, मग हात लांब करून पोळी तेवढी उचलली आणि लगेच दुसरा. दोन्ही फोटो मोबाइलवर एकापाठोपाठ पुढेमागे सरकवून पाहिले. पाकीट जागचं हलत नाही, पोळी फक्त येते आणि जाते. हीच परीक्षा.

१३ जुलै, रविवार
पुतण्याचा पहिला बेत असा होता: या महिन्यात नवा फोटो लावू आणि गेल्या महिन्याशी ताडून पाहू. बागायतदाराच्या घरात हे चालायचं नाही. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. या वर्षी कल्टार घातलं आणि पुढच्या वर्षी मोहोर दणकून आला, तर तो कल्टारने आला की झाडाची पाळीच होती? म्हणून त्याच बागेतल्या काही झाडांना घालायचं, काहींना नाही, आणि एकाच हंगामात दोन्हींकडे बघायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांतही न घातलेली झाडं सोबत असतातच. आमच्या दुकानातही तसंच व्हायला हवं. येणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांना बंद पाकीट, निम्म्यांना पोळीसकट, त्याच दिवसांत, आणि कुणाला कुठलं हे नशिबावर. एकदा ज्याला जो फोटो दिसला त्याला त्याच मोबाइलवर पुढेही तोच. आमच्या वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे.

ॲमेझॉनवर ही चाचणी जमायची नाही. तिथे मालाचा पहिला फोटो निव्वळ पांढऱ्या पार्श्वभूमीवरच हवा, वर अक्षरं चालत नाहीत आणि चौकटीचा ८५ टक्के भाग मालाने व्यापायला हवा. निम्मे-निम्मे दाखवायचं त्यांचं साधनही नोंदलेला ब्रँड आणि भरपूर वर्दळ असलेल्या मालालाच मिळतं. आपली चाचणी आपल्याच दुकानात.

रात्री जेवण झाल्यावर वहीत नियम लिहिले आणि पुतण्याची सही घेतली. हसला, पण केली.

मोजायच्या त्या नव्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी. जुनी गिऱ्हाइकं फोटो न बघताच मागवतात. एका माणसाने वीस पाकिटं घेतली तरी ती एकच ऑर्डर, कारण निर्णय एकदाच झाला. दरम्यान किंमत बदलायची नाही, सवलत काढायची नाही, मजकुराला हात लावायचा नाही. निकाल दोन्ही मिळून ४०० ऑर्डरी झाल्यावर, तोही चालू आठवडा पुरा करून. रविवारी घेणारा माणूस वेगळा आणि मंगळवारी घेणारा वेगळा. दोन्हींकडच्या ऑर्डरींतला फरक एकूण ऑर्डरींच्या वर्गमुळाच्या दुपटीहून जास्त भरला तरच फरक खरा मानायचा. ४०० चं वर्गमूळ २०, दुप्पट ४०. म्हणजे १८० विरुद्ध २२० इथे काठ. त्याच्या आत राहिलं तर जुनंच बंद पाकीट कायम.

४०० च का, असं त्याने विचारलं. पोळीमुळे ऑर्डरी तिसऱ्या हिश्श्याने वाढणार असतील, तर एवढ्या ऑर्डरींत ते पाचांतल्या चार वेळा पकडता येतं. नुसती दहा टक्के वाढ हेरायची तर साडेतीन हजारांच्या आसपास ऑर्डरी लागतील. तेवढ्या होईपर्यंत या वर्षीची पोळीच संपेल.

१८ जुलै, शुक्रवार
सोमवारी सुरू केलेली चाचणी आज बंद केली. ऑर्डरींकडे पाहिलंच नाही, माणसांकडे पाहिलं. बंद पाकीट ४५२ जणांना दिसलं, पोळीवालं ३६८ जणांना. नाणेफेकीत एवढा फरक पडत नाही. एकूण ८२०, वर्गमूळ साधारण २८.६, दुप्पट ५७, आणि इथे फरक ८४. कुठेतरी गळती होती.

ती फोटोच्या फाइलमध्ये सापडली. एक फोटो दाबून लहान केलेला, दुसरा मोबाइलमधून आला तसाच चढवलेला, कितीतरी पट जड. रेंज कमी असेल तिथे फोटो उघडेपर्यंत लोक निघून जात होते आणि मोजणीत यायच्या आधीच गळत होते. डोळ्यांना दोन्ही फोटोंत पोळीएवढाच फरक, पण मोबाइलला वाट पाहण्याचाही. अशा वेळी चार दिवसांचे आकडे जपून ठेवायचे नसतात. दोन्ही फाइली एकाच मापाच्या आणि जवळपास एकाच वजनाच्या करून घेतल्या. मोजणी सोमवारपासून शून्यावरून.

२८ जुलै, सोमवार
सकाळी सातलाच पुतण्याचा फोन. “काका, ३१ विरुद्ध १९! पोळीने दीडपटीच्या वर मारली. आता कशाला थांबायचं?”

एकूण ५०. वर्गमूळ ७, दुप्पट १४. फरक १२. काठाच्या आत आहे, म्हटलं. आणि समज, १६ असता तरी थांबलो नसतो. रोज डोकावून जिंकल्यासारखं दिसेल त्या दिवशी थांबायचं ठरवलं, तर दोन्ही फोटो अगदी सारखे असले तरी एखाद्या दिवशी एक जिंकलेला दिसणारच. वर्गमुळाचा नियम ठरलेल्या दिवशी एकदाच लावायचा. यापुढे सोमवारी फक्त एवढं बघायचं की माणसं निम्मी-निम्मी वाटली जाताहेत ना.

२५ ऑगस्ट, सोमवार
परवा गणपती. सरत्या आठवड्यात नव्या गिऱ्हाइकांच्या ८६ ऑर्डरी आल्या. त्याआधी आठवड्याला पन्नासच्या आत-बाहेर असायच्या. एक आठवडा हा फोटो आणि एक आठवडा तो, असं आलटून-पालटून केलं असतं, तर हा आठवडा ज्याच्या वाट्याला आला असता तो फोटो उगाच पहिला ठरला असता. इथे गर्दी दोघांनाही सारखीच मिळाली. आकडे आज ओघात समोर आले: बंद १२६, पोळी १४९. जुलैतली दीडपट उतरून १८ टक्क्यांवर आली आहे. सुरुवातीच्या मोठ्या आघाड्या बहुधा अशाच ओसरतात. पुतण्या गप्प.

३ सप्टेंबर, बुधवार
दोन गिऱ्हाइकांचे निरोप आले, मजकूर जवळपास एकच: फोटोतली पोळी सोनेरी आहे, आलेली तांबूस का? जुनी आहे का? मी पाहिलं, दोघांनाही पोळीचाच फोटो दिसला होता. फोटोसाठी वहिनींनी डब्यातली सगळ्यांत उजळ पोळी निवडली होती. पोळी जसजशी मुरते तसतशी काळवंडत जाते. मे महिन्यात ताटावरून सुटते तेव्हाचा रंग गणपतीपर्यंत टिकत नाही. माल खराब नाही, चव उलट दाट होते, पण फोटोने दाखवलेल्या रंगाशी माल जुळला नाही. बंद पाकिटावर हा आळ येत नाही. दोन निरोपांवरून निकाल देता येत नाही. पण ऑर्डर मोजली म्हणजे सगळं मोजलं असंही नाही, म्हणून नोंद.

१५ सप्टेंबर, सोमवार
आठ आठवडे झाले. काल रात्री आठवडा पुरा झाला तेव्हा एकूण ४१३. माणसं दोन्हीकडे जवळपास सारखी. बंद पाकीट १९२, पोळी २२१. फरक २९. ४१३ चं वर्गमूळ २०.३, दुप्पट साधारण ४१. काठ ओलांडला नाही.

पुतण्या दुपारी आला. म्हणाला, “पण काका, २९ ऑर्डरी जास्त आल्यात, त्या काय खोट्या?” खोट्या नाहीत. त्या पोळीमुळे आल्या, एवढंच म्हणता येत नाही. या आकड्यांत बसणाऱ्या शक्यता मोठ्या आहेत. पोळीमुळे ऑर्डरी पाच टक्के कमीही होत असतील किंवा चाळीस टक्के जास्तही. ‘फरक नाही’ हे सिद्ध झालेलं नाही. एवढ्या ऑर्डरींत फरक दिसला नाही, इतकंच. तिसऱ्या हिश्श्याची वाढ असती तर ती बहुधा दिसली असती. त्याने आणखी महिनाभर चालू ठेवायचं सुचवलं. ठरलेला आकडा झाल्यावर हवं ते दिसेपर्यंत पुढे मोजत राहणं म्हणजे जुलैतलं डोकावणंच, दुसऱ्या दाराने. नको म्हटलं.

नुसत्या आकड्यांवर कुणी पोळीचा फोटो ठेवला असता तर मी त्याला वेडा म्हटलं नसतं. कल तिकडेच आहे. पण आमच्या बाबतीत त्या फोटोची एक किंमत आहे. तो ठेवायचा तर पोळीचा रंग बदलेल तसा फोटो बदलावा लागेल, नाहीतर तांबूस पोळीची तक्रार पुन्हा येणार. अशी किंमत मोजायची तर फायदा स्पष्ट दिसायला हवा. तो दिसला नाही. वहीतला नियम सहीनिशी आहेच.

बंद पाकिटाचा फोटो कायम ठेवला. पुढची चाचणी मे महिन्यात, नवी पोळी पाकिटात भरल्यावर. तेव्हा बदलायचं ते पाकीटच: पुढच्या बाजूला आरपार खिडकी असलेलं. त्यात गिऱ्हाइकाला जी दिसेल तीच पोळी घरी जाईल. छापखान्यात दर विचारायला पुतण्या उद्या जाणार आहे.