छत्तीस जास्त, अठरा कमी

पीक उत्पादनाच्या नमुना पाहणीत नव्याने आलेल्या मुलामुलींना ‘आमचा अंदाज बायसमुक्त आहे’ या वाक्याचा फार अभिमान असतो. वाद न घालता मी त्यांच्यापुढे चार गावं ठेवतो. आकडे माझेच, हिशेब सोपा पडावा म्हणून रचलेले. मक्याखालचं क्षेत्र १०, २०, ३० आणि ६० हेक्टर. उत्पादन अनुक्रमे २६, ३४, ६६ आणि ११४ टन. एकूण १२० हेक्टर, २४० टन. क्षेत्र पीकपाहणीतून आधीच माहीत आहे. उत्पादन मात्र शेतात जाऊन मोजायचं, आणि जाता येणार दोनच गावांत.

सरळ मार्ग असा, की दोन गावांची बेरीज करायची आणि दुप्पट करायची. चारातून दोन गावांच्या जोड्या सहा होतात, आणि त्या सहा अंदाज देतात : १२०, १८४, २८०, २००, २९६, ३६०. यांची सरासरी बरोबर २४०. बायस शून्य! पण आपल्या हाती येणार यातला एकच आकडा, आणि यातला सर्वांत जवळचासुद्धा ४० टनांनी चुकतो.

दुसरा मार्ग गुणोत्तराचा. त्या दोन गावांचं उत्पादन त्यांच्याच क्षेत्राने भागायचं आणि १२० ने गुणायचं. लाप्लासने १८०२ साली फ्रान्सची लोकसंख्या जन्मनोंदींवरून काढली ती याच युक्तीने. आता त्याच जोड्या २४०, २७६, २४०, २४०, २२२, २४० देतात. सरासरी २४३, म्हणजे बायस ३ टन. प्रत्येक चुकीचा वर्ग करून सरासरी घेतली तर सरळ मार्गाची ६,३७९ च्या आसपास येते आणि गुणोत्तराची २७०. या २७० मध्ये बायसचा वाटा तीनाचा वर्ग, म्हणजे ९. उरलेले २६१ व्हेरियन्सचे. इतक्या स्वस्तात ही अदलाबदल मिळत असेल तर मी ती डोळे झाकून करीन.

हे ३ टन येतात कुठून, ते मात्र डोळे उघडे ठेवून पाहावं. पहिलं आणि तिसरं गाव मिळून हेक्टरी दोन टनांच्या हिशेबापेक्षा १२ टन जास्त पिकवतात. दुसरं आणि चौथं १२ टन कमी. चूक तेवढीच, दिशा उलट. पण पहिल्या जोडीचं क्षेत्र ४० हेक्टर, म्हणून चूक तिपटीने फुगून ३६ होते. दुसऱ्या जोडीचं ८०, म्हणून ती दीडपटच, १८. छत्तीस जास्त, अठरा कमी, त्यामुळे एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. भाजक स्वतःच नमुन्याबरोबर हलतो, त्याचं हे फळ.

इथवर सगळे खूश असतात. मग मी असेच शंभर तालुके घेतो, प्रत्येकात दोनच गावं, आणि प्रत्येक तालुक्याचं गुणोत्तर वेगळं काढून बेरीज करायला सांगतो. व्हेरियन्स शंभरपट होतो, म्हणजे प्रमाण विचलन दहापटच वाढून सुमारे १६२ टनांवर जातं. बायस मात्र सगळीकडे एकाच दिशेचा, तो सरळ ३०० होतो. वर्गित चुकीच्या सरासरीने पाहिलं तर अजूनही गुणोत्तरच जिंकतं : त्याची ठोकळ चूक ३४० टनांच्या आसपास, सरळ मार्गाची जवळजवळ ८००. पण अहवालात आपण अंदाजापुढे अधिक-उणे छापतो ते प्रमाण विचलनावरून. ‘९५ टक्के खात्री’ म्हणून छापलेला तो पट्टा खऱ्या आकड्याला शंभरातून जेमतेम पंचावन्न वेळा कवेत घेतो. सरळ मार्गाचा पट्टा केवढा तरी रुंद, पण खोटं बोलत नाही. आणि तक्ता पाहून हे कुणाला कळत नाही, कारण त्यात व्हेरियन्सचा रकाना असतो, बायसचा नसतो.

म्हणून तालुकावार भागाकार मी करू देत नाही. सगळ्या दोनशे गावांचं उत्पादन एकत्र, क्षेत्र एकत्र, आणि भागाकार शेवटी एकदाच. भाजक मोठा झाला की तो फारसा हलत नाही. शंभर तालुक्यांचा मिळून बायस ३ टनांच्याही खाली येतो आणि प्रमाण विचलन १४० च्या घरात. अर्थात माझे शंभर तालुके एकाच साच्यातले आहेत. बागायती आणि कोरडवाहू तालुके असे एकत्र कालवले, तर हेक्टरी उतारा इतका वेगळा पडतो की एकाच गुणोत्तराने व्हेरियन्स पुन्हा चढतो. तेव्हा मी आधी सारख्या उताऱ्याच्या तालुक्यांचे गट पाडतो आणि प्रत्येक गटाला एक भागाकार देतो. गट किती करायचे यावर दर हंगामात आमची भांडणं होतात.