पूर आणि हसू : एका कवितेचा रस शोधताना

पिंपळे सौदागरमध्ये राहणाऱ्या एका व्यापारी कुटुंबातील मुलीला महाविद्यालयातून मराठीचा गृहपाठ मिळाला होता. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेतील प्रधान रस कोणता, ते कारणांसह लिहायचे होते. तिने दहा मिनिटांत उत्तर लिहिले. पुरात घर गेले, माणूस उघड्यावर आला, म्हणून रस करुण. दुकानातून परतलेल्या दादाजींनी वही वाचली आणि एवढेच विचारले, “बेटा, घर गेलेला माणूस या कवितेत हसतो कशाला?”

कविता सर्वांच्या परिचयाची आहे. भर पावसात एक जुना विद्यार्थी आपल्या सरांच्या दारी येतो. कपडे चिखलाने भरलेले, केस ओले. थोडा टेकतो आणि हसून सांगू लागतो, की नदी पाहुणचाराला आली होती. सासरहून आलेली लेक घरभर बागडावी तशी ती बागडली आणि जाताना जवळपास सारे घेऊन गेली. आता तो आणि त्याची बायको मिळून चिखल उपसत आहेत, भिंत पुन्हा रचत आहेत. सरांचा हात खिशाकडे जातो, तेव्हा तो हसतच उठतो. त्याला पैसे नको आहेत. एकटे वाटले म्हणून तो आला आहे, आणि त्याला हवी आहे ती पाठीवर एक थाप. पवनेचे पाणी चढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कविता समजावून सांगावी लागत नाही. मात्र ती समजणे वेगळे आणि तिचा रस ठरवणे वेगळे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची घडण सांगितली आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. विभाव म्हणजे भावनेचे कारण. अनुभाव म्हणजे ती भावना बाहेर दाखवणारे वागणे. व्यभिचारी भाव म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या लहान भावना, ज्यांना संचारी असेही म्हणतात. या साऱ्यांच्या तळाशी जी भावना अखेरपर्यंत टिकते, तो स्थायी भाव. करुणाचा स्थायी भाव शोक, वीराचा उत्साह. रोजमेळात दिवसभर नोंदी होत राहतात, मुद्दल मात्र खात्यात तसेच असते. संचारी आणि स्थायी यांचे नाते काहीसे असेच आहे.

मुलीने घाई केली होती ती पहिल्याच पायरीवर. तिने प्रसंग पाहिला आणि त्यालाच रस मानले. पूर हा विभाव आहे. एकाच विभावातून एखाद्याला शोक होईल, दुसऱ्याला भय वाटेल, तिसऱ्याला चेव येईल. म्हणून आधी पाहायचे ते हे, की भावना कोणाच्या मनात आहे. शास्त्रात त्याला आश्रय म्हणतात. येथे आश्रय आहे विद्यार्थी. मग त्याच्या देहाकडे आणि कृतीकडे वळायचे, कारण आतला भाव तेथेच प्रकट होतो.

दादाजींच्या सांगण्यावरून तिने वहीच्या एका पानावर रेघ ओढून दोन रकाने केले. डावीकडे शोक दाखवणारे अनुभाव, उजवीकडे उत्साह दाखवणारे. डावीकडे दोनच नोंदी झाल्या : क्षणभर टेकणे आणि पापण्यांत उरलेले पाणी. करुणात अपेक्षित असलेला विलाप, निःश्वास, अंग गळून जाणे यांपैकी काहीच तिला सापडेना. उजवीकडे मात्र चिखल उपसणे, भिंत बांधणे, मदत नाकारणे, हसत उठून उभे राहणे अशा नोंदी होत गेल्या. नदीला पाहुणी म्हणण्यात तिला विनोद दिसला, म्हणून हास्य रस असावा का, अशीही शंका तिने काढली. पण एका रसाचा स्थायी भाव दुसऱ्या रसात संचारी होऊन येऊ शकतो. येथला हास तसाच आहे, क्षणापुरता येऊन मोठ्या भावाला बळ देणारा.

आणखी एक कसोटी उपयोगी पडली. भरतांनी करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना म्हटले आहे, की विप्रलंभात आशा शिल्लक असते, करुणात ती उरत नाही. ‘कणा’मधील माणसाजवळ ती शिल्लक आहे. घर पडले तरी आपण ताठ आहोत, हे तो स्वतःच सांगतो. म्हणजे येथे शोक आहे, पण तो उत्साहाचा आधार म्हणून आहे. शोक काढून टाकला तर उत्साहाला कारणच राहत नाही. उत्साह काढून टाकला तर पूरग्रस्ताचे निवेदन उरते, ही कविता उरत नाही. ज्याच्याकडे बाकीचे सारे वाहत जाते तो प्रधान, आणि म्हणून वीर प्रधान, करुण त्याचे अंग.

येथे एक आक्षेप रास्त आहे. भरतांनी वीराचे दान, धर्म आणि युद्ध असे तीन प्रकार सांगितले. या माणसाला शत्रू कोणता? या वेळी दादाजींनी कपाटातून अनुयोगद्वार सूत्र काढले. या आगमग्रंथात काव्यरसांची नऊ नावे आली आहेत. त्यांत भयानकाऐवजी व्रीडनक, म्हणजे लज्जेचा रस आहे, आणि यादीची सुरुवातच वीरापासून होते. वीराची स्थाने तेथे तीन : त्याग, तपश्चरण आणि शत्रूचा नाश. खुणाही तीन : दिल्याचा पश्चात्ताप नसणे, धैर्य आणि पराक्रम. तपात धैर्य हीच वीराची खूण मानली, की शत्रू समोर असण्याची गरज उरत नाही. ‘कणा’तील माणूस तपस्वी नव्हे आणि दाताही नव्हे, त्यामुळे पहिली खूण त्याला ओढूनताणून लावू नये. पुढच्या दोन मात्र त्याच्यात स्पष्ट दिसतात.

रसविचार मुळात नाटकासाठी सिद्ध झाला. तेथे भाव रुजायला अनेक अंक मिळतात, छोट्या कवितेत मोजक्या ओळींत सारे घडवायचे असते. कुसुमाग्रजांनी ते साधले सरांच्या एका हालचालीने. तोवर वाचक सरांच्या जागी उभा राहून द्रवत असतो. हात खिशाकडे जातो तो त्याचाही. तो हात नाकारला जातो त्याच क्षणी वाचकाचा करुण थांबतो आणि वीर सुरू होतो. रसग्रहणात हा वळणाचा बिंदू दाखवता आला नाही, तर नुसते ‘वीर रस’ लिहून भागत नाही.

मुलीने उत्तर नव्याने लिहिले, पण एका जागी ती दादाजींशी सहमत झाली नाही. एकटेपणा हा दादाजींच्या मते दैन्य नावाचा संचारी भाव, पाठीवर हात पडताच विरणारा. तिचे म्हणणे असे, की ज्याच्याबरोबर बायको राबते आहे त्याला तरीही एकटे वाटते, म्हणजे हा भाव वरवरचा नाही, शोकाचाच उरलेला अंश आहे. तिने दोन्ही मते लिहिली, आपले मत खाली आणि थोडे ठळक अक्षरात, आणि वही दप्तरात ठेवली.