बॉम्ब कुठे पडला, हे शत्रूला काय सांगायचं?

तत्त्वज्ञानाचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, दहा-वीस पानांत ती ट्रॉली येतेच. रुळावर पाच माणसं आहेत, बाजूच्या रुळावर एक आहे, खटका तुमच्या हातात आहे. ओढणार का? १९६७ साली फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी हा प्रश्न मांडला. मी इंजिनियर आहे, त्यामुळे मला पहिल्यांदा ऐकताच वैताग आला. ब्रेक का नाहीत? ही पाच माणसं रुळावर करतायत काय? मग मला त्याच जातीचा एक प्रश्न सापडला, जो कुणी कल्पनेतून काढलेला नव्हता. तो खरोखर एका माणसासमोर आला होता आणि त्याला काही दिवसांत उत्तर द्यायचं होतं.

जून १९४४. जर्मनीने लंडनवर व्ही-१ नावाचे उडते बॉम्ब सोडायला सुरुवात केली. वैमानिक नसलेलं छोटं विमान आणि त्यात साधारण ८५० किलो स्फोटकं. नाकावर एक लहानसा पंखा असायचा. हवेने तो फिरायचा आणि त्याच्या फेऱ्या एक काउंटर मोजायचा. ठरवलेला आकडा गाठला, की यंत्र विमानाला खाली लोटायचं. म्हणजे बॉम्ब किती लांब जाणार, हे सोडण्याआधी भरलेल्या एका आकड्यावर ठरायचं. आकडा कमी भरला की बॉम्ब अलीकडे पडणार, जास्त भरला की पलीकडे.

जर्मनांचा नेम लंडनच्या मध्यावर, टॉवर ब्रिजवर होता. पण बॉम्ब सरासरीने काही मैल अलीकडे पडत होते, दक्षिण लंडनमध्ये, डल्विच नावाच्या वस्तीच्या आसपास. आकडा सुधारायचा तर बॉम्ब नेमके कुठे पडतायत, हे कळायला हवं. लंडनवर टेहळणी विमान पाठवून फोटो काढणं तोवर जर्मनांना जवळपास अशक्य झालं होतं. म्हणून त्यांनी लंडनमधल्या आपल्या हेरांना विचारलं: कुठे पडला आणि किती वाजता पडला, ते कळवा.

गंमत अशी, की ते हेर ब्रिटिशांच्या ताब्यात होते. जर्मनांना वाटायचं ते आपली माणसं आहेत, पण त्यांचा प्रत्येक संदेश ब्रिटिश गुप्तहेर खातं लिहून द्यायचं. माझ्या भाषेत सांगायचं तर शत्रूच्या सिस्टिमचा फीडबॅक लूप ब्रिटिशांच्या हातात आला होता. आता त्यात काय भरायचं?

हा प्रश्न आर. व्ही. जोन्स या शास्त्रज्ञाकडे आला. वय ३२, माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, खरं सांगणं. मग जर्मन आकडा वाढवणार आणि बॉम्ब भर वस्तीच्या मध्य लंडनवर येणार. दोन, गप्प बसणं. मग हेरांवरचा विश्वास उडणार. त्याच हेरांनी नॉर्मंडीच्या चढाईबद्दल जर्मनांना चकवलं होतं, ते हत्यारच हातचं जाणार. तीन, खोटं सांगणं.

जोन्सने तिसरी वाट घेतली, आणि ती फार हुशारीने आखली. जे बॉम्ब शहर ओलांडून वायव्येला पडले त्यांच्या खऱ्या जागा कळवायच्या, पण वेळा मात्र अलीकडे पडलेल्या बॉम्बच्या द्यायच्या. जर्मन आपल्या नोंदींशी वेळ ताडून बघणार, वेळ जुळणार, आणि त्यांना वाटणार की आपला हा बॉम्ब फार लांब गेला. मग ते आकडा कमी करणार. बॉम्ब अलीकडेच पडत राहतील, कदाचित आणखी दक्षिणेला, जिथे वस्ती विरळ होत जाते.

म्हणजे एकूण माणसं कमी मरणार. पण मरणार ती दक्षिण लंडनची.

इथे ट्रॉलीचा खटका खऱ्या माणसाच्या हातात आला. आणि इथेच दोन विचारपद्धती वेगळ्या होतात, ज्यांची नावं ऐकून नवखा वाचक उगाच बिचकतो.

पहिली उपयुक्ततावाद. जेरेमी बेंथम आणि जॉन स्टुअर्ट मिल ही तिची मोठी नावं. तिचं म्हणणं असं, की कृती योग्य की अयोग्य हे तिच्या परिणामांवरून ठरवा आणि परिणाम मोजताना प्रत्येक माणूस एकच धरा. डल्विचमधला गवंडी एक, मध्य लंडनमधला मंत्रीही एकच. पुष्कळांना हा विचार कोरडा हिशेबी वाटतो, पण त्यात एक मोठा न्याय आहे. कुणाचाही जीव दुसऱ्यापेक्षा जड नाही. या हिशेबाने जोन्सचं उत्तर सरळ आहे: खोटं सांगा.

दुसरी कर्तव्यवादी पद्धत, जिचा मोठा प्रवक्ता इमॅन्युएल कांट. तिचं म्हणणं असं, की काही गोष्टी परिणाम चांगला असला तरी करायच्या नसतात. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरायचं नाही, ही त्यातली मुख्य. माणूस म्हणजे आपल्या हिशेबातली रक्कम नव्हे. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी या योजनेला जो विरोध केला, त्याचा सूर याच जातीचा होता: एका भागातल्या लोकांवरचं मरण दुसऱ्या भागातल्या लोकांवर ढकलायचं, हे ठरवणारे आपण कोण?

इथवर वाचून वाटेल की सामना ठरला. बेंथम म्हणतो हो, कांट म्हणतो नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण योजना सुटी करून पाहिली, की चित्र बदलतं.

तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग शत्रूची चूक तशीच राहू देण्याचा. बॉम्ब डल्विचवर आधीच पडतायत, जर्मनांनी ते पाडलेत, आणि आपला नेम चुकतोय हे त्यांना सांगायला कुणी बांधील नाही. दुसरा भाग आकडा आणखी कमी करायला लावण्याचा. त्याने डल्विचच्याही पलीकडच्या, कालपर्यंत जरा निवांत असलेल्या एखाद्या घरावर बॉम्ब येईल, आणि तो ब्रिटिश संदेशामुळे येईल. उपयुक्ततावाद्याला या दोन भागांत तत्त्वाचा फरक दिसत नाही. मेलेली माणसं मोजा, संपलं. कर्तव्यवाद्याला मात्र हा फरक फार मोठा वाटतो. संकट येऊ देणं वेगळं आणि ते कुणाच्या तरी दारात नेऊन उभं करणं वेगळं.

मग या लोकांना 'साधन म्हणून वापरलं' का? त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. समजा डल्विच पूर्ण रिकामं आहे, तिथे चिटपाखरूही नाही. योजना चालेल का? चालेल, उलट जास्त चांगली चालेल. म्हणजे योजनेला त्यांच्या मरणाची गरज नाही. एका माणसाचे अवयव काढून पाच रुग्ण वाचवायचे झाले, तर त्या माणसाशिवाय योजनाच नाही. तिथे तो साधन आहे. डल्विचचे लोक तसे साधन नाहीत. जोन्सच्या बाजूने कर्तव्यवादी माणूसही इतकं म्हणू शकतो.

पण मला खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. ती कळायला मला माझ्या गावाकडे यावं लागलं.

मी सांगलीचा. आमचं घर कृष्णेपासून फार लांब नाही. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांत आमच्या घरी पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं आणि कोयनेतून विसर्ग किती, हे दोन आकडे पुण्यात ऑफिसात बसूनही माझ्या फोनवर येतात. धरणाचे दरवाजे उघडणारा अभियंता एका अर्थाने जोन्सच्याच जागी असतो. धरणाला धोका नको म्हणून पाणी सोडायचं, ते खालच्या कुणाच्या तरी दारात जाणार. हिशेब तोच आहे. पण पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, नदीकाठच्या गावांना इशारा जातो. आई कपाटातली कागदपत्रं माळ्यावर टाकते. आकड्याने आम्हाला पाण्याच्या वाटेत ठेवलं असलं, तरी ते आम्हाला तोंडावर सांगितलेलं असतं. आम्ही चिडू शकतो, सामान हलवू शकतो, पुढच्या वर्षी जाब विचारू शकतो.

डल्विचसाठी असा भोंगा नव्हता. योजना गुप्त ठेवणं भागच होतं. 'बॉम्ब तुमच्या बाजूला राहावेत अशी व्यवस्था करतोय, तुम्ही घरं सोडा', असं जाहीर केलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते बर्लिनला कळलं असतं. कांटने १७९५ साली लिहिलेल्या एका निबंधात नेमकी हीच कसोटी दिली आहे: दुसऱ्याच्या हक्काला हात घालणारी कृती ज्या तत्त्वावर उभी आहे, ते तत्त्व उघड सांगता येत नसेल, तर ती कृती अन्यायाची. शत्रूशी खोटं बोलणं मला फारसं टोचत नाही. आपल्याच लोकांपासून लपवणं टोचतं.

यावर उपयुक्ततावाद्याकडे उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. तो म्हणेल, सांगितलं असतं तर योजना फसली असती आणि जास्त माणसं मेली असती. ती जास्तीची माणसंही माणसंच होती, फक्त त्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. तुझ्या तोंडाला खरेपणाची चव राहावी म्हणून ती मरू द्यायची का?

या प्रश्नाला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. पण उपयुक्ततावादाची एक अडचण इथे उघडी पडते. त्याचा निकाल अंदाजावर उभा असतो. आकडा कमी झाल्यावर बॉम्ब नेमके कुठे जातील, जर्मन फसतील की नाही, हे जोन्सला आधी कळणं शक्य नव्हतं. काही व्ही-१वर जर्मनांनी रेडिओ ट्रान्समीटर बसवले होते आणि त्यावरून बॉम्ब अलीकडे पडतायत, हे त्यांना बरोबर दिसत होतं. तरी त्यांनी यंत्रापेक्षा हेरांवर विश्वास ठेवला. तो उलटा ठेवला असता तर सगळा हिशेब कोसळला असता. कर्तव्यवादाची अडचण दुसऱ्या टोकाला आहे. तो हात स्वच्छ ठेवायला शिकवतो, पण इथे स्वच्छ वाटच नव्हती. खरं सांगितलं असतं, तर जर्मनांचा नेम ब्रिटिशांनीच लावून दिल्यासारखं झालं असतं.

मंत्र्यांमध्ये मतभेद झाले, तरी गुप्तहेर खात्याने फसवणूक चालू ठेवली. त्या मोहिमेत व्ही-१मुळे सुमारे ६ हजार माणसं मेली. या खोट्यामुळे किती वाचली, हे मोजता येत नाही.

जोन्सने नंतर आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो, की बॉम्ब ज्या डल्विचच्या आसपास रोखून धरायचा त्याचा प्रयत्न होता, तिथेच त्याचे आईवडील राहत होते आणि त्याची शाळाही तिथलीच. मला यात दोन्ही विचार एकाच माणसात दिसतात. आपल्या आईला त्याने इतरांपेक्षा जास्त मोजलं नाही, हे बेंथमला आवडलं असतं. आणि डल्विच त्याच्यासाठी नुसतं नकाशावरचं ठिकाण नव्हतं, तिथल्या एका दारामागे कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. कांटला हवा असलेला माणूस तिथे होता.

मी त्याच्या जागी असतो तर? पहिला भाग मी केला असता, शत्रूची चूक सुधारून दिली नसती. दुसऱ्या भागापाशी, आकडा आणखी कमी करायला लावताना, माझा हात थांबला असता. कदाचित त्या थांबण्यानेच आणखी माणसं मेली असती. आणि युद्ध संपल्यावर डल्विचच्या लोकांना सगळं सांगायला हवं होतं, हेही मला वाटतं. निदान तेव्हा तरी भोंगा वाजवता आला असता.