ओळखीचे शब्द, परके अर्थ

2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आम्हा दोघी चुलत बहिणींना इथे घाटंजीतच एका सरकारी कार्यालयात सहा महिन्यांचे प्रशिक्षण मिळाले. दोघी पदवीधर, म्हणून महिना दहा हजार विद्यावेतन. आमच्यातली थोरली उर्दू शाळेत शिकलेली, धाकटी मराठी शाळेत. बसवले रोजगार हमीच्या टेबलावर.

पहिल्याच दिवशी मोठे बाबू म्हणाले, "त्या विहिरीची एमबी आली का बघा, नाहीतर एफटीओ अडेल." एमबी म्हटल्यावर आम्हाला मोबाइलचा डेटा तेवढा ठाऊक. धाकटी संगणकावर फाइल किती एमबीची आहे ते पाहत बसली. संध्याकाळी अब्बांच्या दुकानातली एक कोरी वही मागून घेतली आणि शब्द लिहायला सुरुवात केली.

आधी शब्द अकारविल्हे लावले. त्याचा उपयोग होईना, कारण काम काही अ-आ-इ प्रमाणे चालत नाही. आठवड्याने वही नव्याने लिहिली, कागद ज्या वाटेने जातो त्या क्रमाने. पहिले मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट. तो कामावर ग्राम रोजगार सेवक सांभाळतो. मस्टरची मुदत संपली की अभियंता झालेल्या कामाचे माप घेतो आणि ते मोजमाप पुस्तिकेत चढते. हीच ती एमबी, इंग्रजीत मेजरमेंट बुक. मापावरून मजुरी निघते. मग एफटीओ, म्हणजे फंड ट्रान्सफर ऑर्डर, बँकेला पैसे पाठवण्याचा आदेश. मस्टर बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी मिळावी, असे कायदा सांगतो.

प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने केले: अर्थ काय, कोणत्या कागदावर दिसतो, आणि इथे अडले तर कुणाला विचारायचे. तिसरा रकाना सर्वांत कामाचा ठरला. कुणी "माझे पैसे कुठे अडले?" असे विचारत आले की आम्ही वहीवर बोट ठेवून एकेक पायरी उतरत जायचो. एकाच शब्दाचे दोन अर्थ निघाले तर दोन ओळी करायचो. "मस्टरवर सही केली का?" असे बाबू विचारत, तेव्हा ते मजुरांचे नव्हे, कार्यालयाचे हजेरीपुस्तक असायचे.

चूक झाली ती मात्र अशा शब्दावर, जो आम्ही वहीत लिहिलाच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एका मजूर खालांचा तक्रार अर्ज आला. सहा दिवस काम केले, पण मजुरी जमा नाही. बाबूंनी सांगितले, "रोजगार सेवकाचा खुलासा लावून नस्ती पुढे पाठवा." नस्ती म्हणजे फाइल, हे वहीत होते. खुलासा तर घरातलाच शब्द. शाळेत धड्याचा खुलासा लिहायचा म्हणजे सारांश लिहायचा. थोरलीने रोजगार सेवकाच्या दोन पानी अहवालाचा पाच ओळींत सुरेख सारांश लिहिला आणि लावला.

आठ दिवसांनी नस्ती परत आली. शेरा होता, 'खुलासा अप्राप्त'. इथे खुलासा म्हणजे असे का घडले, याचे त्या माणसाने स्वतःच्या सहीने दिलेले स्पष्टीकरण. त्याच दिवशी खाला येऊन बाकावर बसल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बेटी, और कितने दिन?" आम्हाला मान वर करता आली नाही.

त्याच दुपारी रोजगार सेवकाला पत्र गेले. त्याने लिहून दिले की हजेरी चुकून दुसऱ्या जॉब कार्डावर लागली होती. मग दुरुस्तीचा प्रस्ताव गेला. खालांची मजुरी शेवटी मिळाली, पण मधले आठ दिवस आमच्यामुळे गेले.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर वेगळी यादी सुरू केली. हरकत: आपल्या बोलीत हालचाल किंवा खोडी, इथे आक्षेप. तक्रार: उर्दूत वाद, हुज्जत, इथे गाऱ्हाणे. इशारा: आपल्याकडे खूण, इथे ताकीद. राजीनामा: उर्दूत दोन पक्षांची तडजोड, इथे नोकरी सोडण्याचे पत्र. शब्द अरबी-फारसीतूनच आलेले, पण मराठी कचेरीत येऊन त्यांनी वेगळा अर्थ धरला. धाकटीला या शब्दांनी कधी अडवले नाही. तिला एमबीने अडवले. थोरलीला त्या अडचणीची जाणीवच होत नव्हती. अनोळखी शब्द आला की माणूस विचारतो; ओळखीचा आला की विचारत नाही.

म्हणून एक नियम केला. नस्तीवरचा शेरा एकीने वाचायचा, दुसरीने त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा, आणि दोघींचे जुळले नाही तर बाबूंना विचारूनच कागद पुढे पाठवायचा.

प्रशिक्षण संपले तेव्हा वही बाबूंनी मागून घेतली. पुढच्या मुलांना दाखवतो म्हणाले. आम्ही मागचे पान उलटून पहिल्या पानावर चिकटवले आणि वही त्यांच्या हाती दिली.