दम, धाप आणि दमा

खेड्यातून आलेली वयस्क बाई डॉक्टरांना "मला दमा हाय" असं सांगते, तेव्हा ती आजाराचं नाव सांगत असतेच असं नाही. चार पावलं चाललं की दम लागतो, एवढंच तिला म्हणायचं असतं. केसपेपरची भाषांतरं करताना मी सर्वांत जास्त थबकते ती इथे.

समजा मी इंग्रजीत सरळ अस्थमा लिहिलं. एकदा पूर्वेतिहासात बसलेला शब्द डिस्चार्ज कार्डावर उतरतो आणि तिथून दुसऱ्या दवाखान्यात जातो. या बाईंचं हृदय कमजोर झालेलं असेल, तर कार्व्हेडिलॉलसारखं बीटा ब्लॉकर त्यांच्या उपयोगाचं. पण दम्याच्या रुग्णाला ते देत नाहीत, कारण श्वासनलिका आकसतात. मग गरजेचं औषध माझ्या शब्दापायी अडतं.

नोंद अशी असते : 'सहा महिने दमा. जिना चढताना धाप. रात्री उशाला दोन उशा. पायांवर सूज.' यातली धाप मी डिस्निया ऑन एक्झर्शन करते. उशांचं मात्र ऑर्थोप्निया करत नाही. आडवं झाल्यावर धाप लागते असं नोंदीत कुठे आहे? कुणाला मानेसाठीही दोन उशा लागतात. म्हणून इंग्रजीतही दोन उशाच. 'दमा' अवतरणचिन्हांत तसाच ठेवून शेजारी डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिते : निदान आधी कुणी केलं होतं का, इन्हेलर चालू होता का? उत्तर येईपर्यंत तो शब्द माझ्यापुरता तक्रार असतो, निदान नव्हे.

उलट्या दिशेने अडचण वेगळी. एकाच डिस्चार्ज कार्डावर एक डॉक्टर डिस्निया लिहितात, दुसरे ब्रेथलेसनेस, तिसरे नुसतं एसओबी. मी श्वासावरोध, दम, धाप असे तीन शब्द वापरले, तर घरच्यांना तीन त्रास वाटतील. शिवाय श्वासावरोध म्हणजे गुदमरणं, ते इथे बसतच नाही. तिन्हींसाठी माझा शब्द एकच, धाप, फरक परिस्थितीचा. चालताना धाप, आडवं झाल्यावर धाप, झोपेतून उठवणारी धाप. हे तीन प्रकार डॉक्टर वेगळे मोजतात, म्हणून मराठीतही ते वेगळेच राहायला हवेत.

माझ्या शब्दयादीत तक्रार आणि निदान यांचे रकाने म्हणूनच वेगळे आहेत. मराठीत लिहिताना दमा फक्त निदानाच्या रकान्यात. काम संपलं की फाइलमध्ये 'दम' शोधते. त्यात दमाही सापडतो, आणि प्रत्येक ठिकाणी मूळ नोंद उघडून पाहते. सीओपीडीला गावाकडे दमाच म्हणतात, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांना तो होतो. तिथे मी सीओपीडी असंच लिहिते आणि पुढे 'फुप्फुसांचा जुनाट आजार, यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात' एवढं जोडते.