संध्याकाळीच घुमणारा तानपुरा

मिरजेत तंतुवाद्यांची दुकानं एका गल्लीत आणि माझं दुरुस्तीचं टेबल दुसऱ्या. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक तानपुरे माझ्याकडे नेमाने येतात. अलीकडे एक गाणं शिकवणाऱ्या बाई त्यांचा तानपुरा घेऊन आल्या. "सकाळच्या रियाजाला छान वाजतो हो दादा, पण संध्याकाळी क्लासच्या वेळेला खालून घरघर सुरू होते. षड्जच लागत नाही मुलींना."

गाणाऱ्या माणसाची तक्रार मी नीट ऐकून घेतो, कारण त्यांच्या कानाला जे कळतं ते माझ्या मीटरला पुष्कळदा कळत नाही. वीज 50 हर्ट्झची. हाफ-वेव्ह रेक्टिफायरमधून येणारी घरघर 50 वर असते, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर, पण पेटीवर सापडणार नाही इतक्या खर्जात. फुल-वेव्हची 100 वर, बरोब्बर एक सप्तक वर. लहान स्पीकर 50 हर्ट्झ धड वाजवत नाही, तरी त्याच्यावरचे 150 आणि 250 वाजवतो, आणि हे स्वर फुल-वेव्हच्या घरघरीत नसतात. बाईंना मी तोंडाने "हूं" करून दोन्ही आवाज काढून दाखवले. त्यांनी खालचा निवडला. आता उघडलं की आत ब्रिज दिसला तर काहीतरी बिनसलेलं आहे, हे ठरलं.

आत ब्रिजच होता. 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, 1N4007 चे चार डायोड, 2200 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि पुढे 5 व्होल्ट देणारा 7805. यंत्र सुमारे अर्धा अँपिअर ओढत होतं. कंडेन्सरवर मीटर लावला तर डीसी 9 व्होल्टच्या आसपास. एवढं बघून बरेच जण "सप्लाय ओके" म्हणतात आणि स्पीकरच्या मागे लागतात. मीटर सरासरी दाखवतो. 7805 ला सरासरीशी देणंघेणं नसतं, त्याला पाहिजे तळ.

हा तळ म्हणजे काय? आमच्याकडे नळाला पाणी दिवसातून दोनदा येत असेल तर गच्चीवरची टाकी लहान चालते. एकदाच आलं तर तीच टाकी पुढचं पाणी यायच्या आत निम्म्याहून खाली जाते. कंडेन्सरचं तसंच आहे. फुल-वेव्हमध्ये तो दर 10 मिलिसेकंदांनी भरला जातो, हाफ-वेव्हमध्ये दर 20 नी. मधल्या वेळात लोडचा सगळा करंट त्यानेच पुरवायचा. त्या काळात व्होल्टेज जेवढं उतरतं तो रिपल, आणि त्याचा हिशेब एका ओळीचा:

ΔV = I × t / C

अर्धा अँपिअर, 10 मिलिसेकंद, 2200 मायक्रोफॅरड: रिपल 2.3 व्होल्ट. 20 मिलिसेकंद घातले की 4.5. प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी येतात, कारण पुढची लाट शिखरावर पोचायच्या आधीच कंडेन्सर भरायला लागते. उतरायला 10 ऐवजी साधारण 8 आणि 20 ऐवजी 17 मिलिसेकंदच मिळतात. म्हणजे खरे आकडे 1.8 आणि 3.9. सूत्र थोडं जास्त सांगतं ते बरंच आहे, कंडेन्सर त्याच्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा 20 टक्के कमी भरला तरी तक्रार करता येत नाही.

आता बाईंची संध्याकाळ. 9 व्होल्टचं शिखर 12.7, त्यातून ब्रिजमधल्या दोन डायोडांचे 1.7 वजा, उरले 11. एक डायोड उघडा पडलेला असला की ब्रिज हाफ-वेव्हसारखा चालतो. सकाळी 230 व्होल्ट असताना तळ 11 वजा 3.9, म्हणजे 7.1. 7805 ला 5 व्होल्ट देण्यासाठी आत साधारण 7 लागतात, तेव्हा काठावर का होईना भागतं. संध्याकाळी गल्लीतलं व्होल्टेज 205 वर आलं की शिखर 9.6 आणि तळ 5.7. सेकंदाला 50 वेळा रेग्युलेटर हात टेकतो आणि ती खाच थेट आवाजात उतरते. डायोड चारही धड असते तर त्याच 205 ला तळ 7.8 राहिला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं.

स्कोप लावला तर करवतीचे दात 20 मिलिसेकंदांच्या अंतरावर. ब्रिजमध्ये ते 10 वर हवेत. स्कोप नसेल तर मीटर एसीवर ठेवूनही अंदाज येतो: दाखवेल त्याच्या साधारण साडेतीनपट रिपल धरायचा. फक्त काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही मोजून भलताच आकडा दाखवतात. शंका असेल तर प्रोब उलटे करून बघावेत, आकडा बदलला तर मध्ये एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घालावा.

इथे एक सोपा उपाय हाताशी असतो, आणि तो लागू पडतो हीच त्याची खोड. जुन्या कंडेन्सरला समांतर 4700 चा जोडला की रिपल सव्वा-दीड व्होल्टवर येतो आणि घरघर बंद. गिऱ्हाईक खूष. पण उरलेल्या तिघांपैकी दोनच डायोडांतून सगळा भार जातो, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून एकाच दिशेने करंट वाहत राहतो, कोअर एका बाजूला ओढला जातो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. मोठ्या कंडेन्सरने भरणीचा वेळ कमी होऊन करंटचे झटके आणखी उंच होतात, ते वेगळंच. असे जोडकंडेन्सरवाले तानपुरे माझ्याकडे जळक्या वासासकट येतात.

नवा सप्लाय करायचा तर मी शिखराकडून नाही, तळाकडून सुरुवात करतो. 200 व्होल्टला शिखर 9.3 उरतं. 7 लागतात, अर्धा व्होल्ट हातचा ठेवला, तर रिपलला 1.8 मिळतात. अर्धा अँपिअर गुणिले 10 मिलिसेकंद भागिले 1.8, म्हणजे 2780. बाजारात 3300 मिळतो. हाच हिशेब हाफ-वेव्हने केला तर गंमत होते: एकच डायोड असल्याने शिखर 10.2 उरतं, रिपलला 2.7 मिळतात आणि 3700 येतं, म्हणजे दुप्पट नाही. 4700 चा कंडेन्सर पुरतो. कागदावर बरा सौदा. पण अर्धा अँपिअर डीसीसाठी ब्रिजला ट्रान्सफॉर्मर साधारण 0.8 अँपिअरचा पुरतो, हाफ-वेव्हला तो पावणेदोनच्या पुढे जातो. तीन डायोड वाचवून एवढं तांबं कोण विकत घेतं? दहावीस मिलिअँपिअरच्या कामाला हाफ-वेव्ह ठीक आहे, त्यापुढे मी वापरत नाही.

कंडेन्सरच्या व्होल्टची निवड लोड काढून करावी. लहान ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना 9 च्या जागी 11-12 देतो, शिखर 16 च्या आसपास जातं. तेव्हा 16 व्होल्टचा कंडेन्सर नको, 25 चाच.

बाईंच्या तानपुऱ्यात एकाच डायोडचा पाय सांध्यात सैल झाला होता, तरी चारही बदलले, कारण एकत्र तापलेल्यांचं वय एकच. कंडेन्सर 3300, 25 व्होल्ट. मग व्हेरिअॅकवर 200 व्होल्टला अर्धा तास षड्ज लावून ठेवला. तळ साडेसातच्या वर होता आणि ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येत होता.