कुणाच्या खात्यावर?

व्हॉट्सॲपच्या गटांतून स्वतः छापलेले पुस्तक विकताना पैसे एका वाटेने येतात आणि पत्ता दुसऱ्या वाटेने. पैसे यूपीआयने थेट बँकेच्या खात्यात पडतात. तिथे रक्कम दिसते, पाठवणाऱ्याचे नाव दिसते, बारा आकडी व्यवहार क्रमांक दिसतो. पुस्तक कुठे पाठवायचे ते दिसत नाही. पत्ता चॅटमध्ये येतो, आणि चॅटमधले नाव खात्यातल्या नावाशी जुळेलच असे नाही. या दोन वाटा जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे विक्रीची नोंदवही. ती कच्ची असेल तर पैसे भरलेला वाचक पुस्तकाविना राहतो, आणि विकणाऱ्याला ते कळतही नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने आपल्या गावाच्या आठवणींचे २०८ पानांचे पुस्तक स्वखर्चाने छापले. प्रती ५००, छपाईचा खर्च ५२,००० रुपये. विक्रीसाठी त्यांनी लांबट आकाराची, आडव्या-उभ्या रेघांची वही आणली. वहीची सवय त्यांच्या हाताला लहानपणापासून होती. वडिलांचे किराणा दुकान होते. गादीजवळ लाल कापडी बांधणीची चोपडी असे आणि दिवाळीत तिची पूजा होई. उधारी आजीच्या नावावर, माल नेणारी सून आणि पैसे आणून देणारा नातू, असा गावचा व्यवहार. म्हणून कुणी गल्ल्यावर पैसे ठेवले की वडील आधी विचारत, “कुणाच्या खात्यावर?” उत्तर मिळेपर्यंत पैशांना हात लावत नसत. पुढे नोकरीत चोपडीच्या जागी हजेरीपट आला. त्यात एकही चौकोन कोरा ठेवायचा नसतो. मूल आले नाही तर तसे लिहायचे, पण जागा रिकामी सोडायची नाही. पुस्तकाच्या वहीत या दोन्ही सवयी उतरल्या. रकाने आठ होते : क्रमांक, तारीख, मागणी करणाऱ्याचे नाव व फोन, पैसे ज्याच्या खात्यातून आले त्याचे नाव, रक्कम व व्यवहार क्रमांक, पिनकोडसह पूर्ण पत्ता, टपालाचा क्रमांक आणि पुस्तक पोचल्याची तारीख. नावाचे दोन वेगळे रकाने हा या वहीचा कणा.

किंमत ठरवायच्या आधी पुस्तक वजनकाट्यावर ठेवावे लागते. डेमी आकार, ७० ग्रॅमचा मॅपलिथो कागद आणि जाड कव्हर धरले तर २०८ पानांचे पुस्तक २४० ग्रॅमच्या आसपास भरते. पॅकिंगचे ४० ते ४५ ग्रॅम मिळवले तरी ते ३०० ग्रॅमच्या आत राहते. टपाल खात्याने मे २०२५पासून पुस्तकांसाठी सुरू केलेल्या ज्ञान पोस्ट सेवेत ३०० ग्रॅमपर्यंतचा दर २० रुपये अधिक कर आहे. पुस्तक आणखी २०-२५ पानांचे झाले असते तर प्रत्येक पाकीट पुढच्या टप्प्यात गेले असते. पानांची संख्या नक्की करण्याआधीच हा हिशेब केलेला बरा, कारण छापून झाल्यावर वजन कमी करता येत नाही. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठीच ही सेवा आहे, जाहिरातींच्या छापील साहित्याला ती मिळत नाही. म्हणून पहिले पाकीट पोस्टात नेऊन तिथल्या कारकुनाला दाखवून घेणे शहाणपणाचे.

छापील किंमत ३०० रुपये होती. विक्रेत्याला चाळीस टक्के सूट दिली असती तर हाती १८० रुपये आले असते, तेही प्रती खपल्यावर. थेट विक्रीत एक प्रत टपालखर्चासह २५० रुपयांना आणि दोन प्रती एकाच पत्त्यावर ४८० रुपयांना ठेवल्या. छपाईचे १०४, टपालाचे साधारण २४ आणि पॅकिंगचे १२ रुपये वजा जाता एका प्रतीमागे ११० रुपये उरत. विक्रेत्याच्या वाटेने ७६ उरले असते. टपालखर्च किमतीतच धरण्याचे कारण मात्र वेगळे. ‘२३० अधिक टपाल’ असे लिहिले की कुणी २३०च पाठवतो, कुणी २६० पाठवतो आणि प्रत्येकाशी वेगळा पत्रव्यवहार होतो. दोनच ठरावीक रकमा असल्या की खात्यात ४८० दिसताच दोन प्रतींची मागणी आहे हे पाठवणाऱ्याने काही न सांगताही कळते.

मग संदेश. शिक्षक चार गटांत होते : गावचा गट, भावकीचा, जुन्या सहकाऱ्यांचा आणि १९९४च्या सातवीच्या विद्यार्थ्यांचा. प्रत्येक गटाच्या ॲडमिनला आधी विचारून एकदाच संदेश टाकला. मुखपृष्ठाचा फोटो, दोन वाक्यांत विषय, दोन रकमा, क्यूआर कोड, आणि शेवटी ठळक अक्षरांत विनंती : पत्ता गटात टाकू नये, खासगी संदेशात पाठवावा. ही विनंती फार महत्त्वाची. गटात १०२४पर्यंत माणसे असू शकतात, आणि एखाद्या बाईंच्या घराचा पत्ता व फोन त्या सगळ्यांसमोर उघडा पडणे बरे नव्हे. ब्रॉडकास्ट यादीचा मार्गही असतो. तिच्यात २५६ जण बसतात, पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. निवृत्त माणसाचा नंबर जुन्या विद्यार्थ्यांकडे क्वचितच जतन असतो, म्हणून इथे गटच कामाला आले. अनोळखी नंबरांना एकामागून एक संदेश पाठवत सुटणे टाळावे. लोकांनी तक्रार केली तर खातेच बंद होऊ शकते, आणि त्याबरोबर पत्ते असलेले सगळे चॅट हातचे जातात.

पैसे आल्याचा पुरावा स्क्रीनशॉट नव्हे, बँकेच्या खात्यात दिसणारी नोंद. स्क्रीनशॉट अडकलेल्या व्यवहाराचाही असतो, आणि बनावटही करता येतो. दुसरी गोष्ट, पैसे स्वीकारायला पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘मी पन्नास प्रती घेतो, पैसे मिळण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असा संदेश त्या शिक्षकांनाही आला होता. त्यांनी तो स्कॅन केला नाही आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला.

खरी कसोटी लागली क्रमांक १३७ला. एका संध्याकाळी खात्यात ४८० रुपये जमा झाले. नाव अनोळखी पुरुषाचे, सोबत टीप कोरी. त्या दिवशी चॅटमध्ये त्या नावाचे कुणीच नव्हते. शिक्षकांनी रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहिला, मागणीचे नाव व पत्ता हे रकाने मोकळे ठेवून त्यांच्याभोवती लाल शाईने चौकट केली. मग उलट बाजूने शोध सुरू झाला : गेल्या आठवड्यात दोन प्रती कुणी मागितल्या, आणि त्यांपैकी पैसे कुणाचे आले नाहीत? अशा दोघीजणी निघाल्या. पहिलीने पैसे पाठवले नव्हते. दुसरी जुनी विद्यार्थिनी, लग्नानंतर बेळगावला स्थायिक झालेली. तिचा पत्ता बोलून पाठवलेल्या संदेशात होता. पण तिच्या चॅटवर संदेश आपोआप पुसले जाण्याची २४ तासांची मुदत लावलेली होती. पत्ता गेलेला. शिक्षकांनी फोन केला आणि सवयीने वडिलांचाच प्रश्न विचारला. पैसे तिच्या मुलाने हैदराबादहून पाठवले होते आणि त्याची अशी समजूत होती की क्यूआर स्कॅन केला म्हणजे पत्ताही आपोआप जातो. ही समजूत पुष्कळांची असते. त्या दिवसापासून संदेशात एक ओळ वाढली : पैसे दुसऱ्याच्या खात्यातून पाठवत असाल तर त्यांचे नाव कळवावे. आणि पत्ता आला की त्याच बैठकीत वहीत उतरवायचा नियम झाला.

पत्ता उतरवताना पिनकोड पडताळून घ्यावा. पिनकोड पद्धत १९७२ साली आली. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोव्याचा ४, बेळगाव कर्नाटकात असल्याने तिथला ५. शेवटचे तीन आकडे वाटप करणारे पोस्ट सांगतात. एकट्या महाराष्ट्रात वडगावे कितीतरी आहेत, आणि पिनकोडावाचून पाकीट त्यांतल्या कुठल्याही वडगावला जाऊ शकते.

पॅकिंगमध्ये दोन शत्रू : पाणी आणि कोपऱ्यावरचा मार. पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी चिकटपट्टीने बंद करायची. मग पन्हाळीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी बोटाच्या अर्ध्या पेराएवढे मोठे, वर-खाली लावायचे. पाकीट पडले तर मार पुठ्ठ्याच्या कडेवर बसतो, पुस्तकाचा कोपरा आत सुरक्षित राहतो. पुठ्ठा नेमका पुस्तकाएवढा कापला तर त्याचा काही उपयोग नाही. पहिल्या वीस पाकिटांत तीन प्रतींचे कोपरे दुमडले ते याच चुकीने. त्यावर खाकी कागद. पत्ता बॉलपेनने लिहायचा किंवा छापून चिकटवायचा, जेलपेनची शाई पावसात पसरते. पत्त्यावर पारदर्शक पट्टी ओढायची, पण पोस्टाच्या बारकोडसाठी कोरी जागा सोडायची. पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायलाच हवा, नाहीतर परत आलेल्या पाकिटाला घर नसते. आत कागदाचा एक चिटोरा असे : वहीतला क्रमांक आणि वाचकाचे नाव, शिक्षकी वळणदार अक्षरात.

पोस्टातून मिळणारा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो : आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी IN. तो त्याच दिवशी वहीत आणि वाचकाच्या चॅटमध्ये जाई. ज्ञान पोस्टचे टपाल जमिनीमार्गे जाते, म्हणून घाई करून चालत नाही. दहा दिवस शेवटचा रकाना कोरा राहिला की शिक्षक आधी स्वतः टपालाची स्थिती पाहत, मगच वाचकाला विचारत : “पुस्तक पोचले का? कोपरे नीट आहेत ना?” अभिप्रायाची मागणी या संदेशात नसे. अभिप्राय द्यायचे ओझे वाटले की माणूस पुस्तक पोचल्याचेही कळवायचे टाळतो. अकरा पाकिटे परत आली. बहुतेकांवर पत्ता अपूर्ण असल्याचा किंवा दार बंद असल्याचा शेरा होता. ती त्याच क्रमांकावर, नवी तारीख घालून पुन्हा रवाना झाली.

दिवाळीच्या पाडव्याला वडील चोपडीची बेरीज मांडत. शिक्षकांनी त्याच दिवशी वही मिटली. ओळी ३७२ : एका प्रतीच्या ३३२, दोन प्रतींच्या ४०, म्हणजे ४१२ प्रती. जमा १,०२,२०० रुपये, बँकेच्या उताऱ्याशी रुपयाही फरक न पडता. भेट दिलेल्या प्रती ३८, खराब झालेल्या ६, कपाटात ४४. एकूण ५००. शेवटच्या रकान्यात तारीख नसलेली एकच ओळ उरली होती, इंदूरच्या एका वाचकाची. टपालाच्या स्थितीत पाकीट पोचल्याचे दिसत होते, पण त्यांचा फोन लागत नव्हता. शिक्षकांनी तिथे टपालात दिसलेली तारीख पेन्सिलीने लिहिली.